शेततळे खोदाई व अस्तरीकरण : जोखीम व्यवस्थापन आराखडा

असाइनमेंट २, प्रकल्प व्यवस्थापन, गट क्र. ४

प्रकल्प. सिन्नर तालुक्यातील दोन एकर डाळिंबासाठी ३० × ३० × ३ मीटरचे शेततळे. बाजूंचा उतार १:१ धरला तर तळ २४ × २४ मीटरचा उरतो आणि साठा सुमारे २२ लाख लिटर होतो. अस्तर ५०० मायक्रॉन प्लास्टिकचे. अंदाजपत्रक ४,६०,००० रुपये. खोदाई २० एप्रिलला सुरू, १५ मेपर्यंत पूर्ण. अस्तर ३१ मेपर्यंत. पुढे मृग लागतो, म्हणून ही तारीख फारशी ताणता येत नाही.

कार्यपद्धती. जोखमी आम्ही वर्गात बसून काढल्या नाहीत. शेतमालक, पोकलेनचालक आणि शेजारच्या दोन तळेवाल्यांशी बांधावर बोलून २३ जोखमी मिळाल्या. सारख्या एकत्र केल्यावर १४ उरल्या. प्रत्येकीला शक्यता (१ ते ५) आणि परिणाम (१ ते ५) दिला. गुणाकार ६ पर्यंत हिरवी, ७ ते १४ पिवळी, १५ पासून लाल.

या गुणाकारात एक खोट आहे आणि ती इथेच मांडतो. तळ्यात मूल पडण्याची शक्यता १, परिणाम ५, म्हणजे गुण ५ आणि जोखीम हिरवी! शेजारची वस्ती दीडशे मीटरवर आहे. प्लास्टिक ओले झाले की उतारावर पाय ठरत नाही. पोहता येणारा माणूसही वर येऊ शकत नाही. म्हणून जिवाशी संबंधित जोखमींना गुण लागू नाहीत, त्या कायम लाल. पाण्याचा पहिला थेंब साठण्याआधी तारेचे कुंपण आणि चारही बाजूंना गाठी मारलेले दोर हवेतच. पैसे कमी पडले तर कात्री दुसरीकडे लावायची.

प्रवर्ग. जमीन (कातळ, ढासळणारा मुरूम), हवामान (वळीव), यंत्र व साहित्य (पोकलेन दुसऱ्या कामावर जाणे, अस्तराचा जोड उसवणे), पैसा (अनुदान उशिरा मिळणे) आणि जीवित.

सर्वांत मोठी जोखीम जमिनीची. १२ एप्रिलला तीन चाचणी खड्डे घेतले. दोन ठिकाणी ३ मीटरपर्यंत मुरूम, पण पश्चिमेच्या कोपऱ्यात २.२ मीटरवरच कातळ लागला. शक्यता ४, परिणाम ४, गुण १६. सुरुंग नाही, कारण विहीर ४० मीटरवर आहे. उरतात दोन वाटा: ब्रेकर लावणे, किंवा सगळे तळे २.२ मीटरवरच थांबवणे. दुसऱ्या वाटेने साठा सुमारे १७ लाख लिटरवर येतो. आमचा कल दुसरीकडे आहे. ब्रेकरचे बिल किती होईल हे चालकही सांगू शकला नाही.

भूमिका. गटप्रमुख आराखडा सांभाळते आणि दर सोमवारी आढावा घेते. आमच्यातला एक जण शेजारच्या गावचा आहे, तो रोज सकाळी साइटवर जाऊन जोखीम नोंदवही भरतो. बिलांचा हिशेब तिसऱ्याकडे, साहित्याची तपासणी चौथीकडे. काम थांबवण्याचा अधिकार मात्र साइटवरच्या मुलाला आहे, त्यासाठी फोन करून विचारायची गरज नाही. खोली किंवा खर्च बदलण्याचा अंतिम निर्णय शेतमालक व त्यांच्या पत्नीचा. सातबारा दोघांच्या नावावर आहे.

मर्यादा. खर्चवाढ २३,००० रुपयांपर्यंत (५ टक्के) गटप्रमुखाने मार्ग काढायचा. त्यापुढे ४६,००० पर्यंत शेतमालकांची आधी संमती. त्याहून जास्त दिसताच काम बंद, बैठक.

खोदाईला तीन दिवस उशीर चालेल, सातव्या दिवशी दुसरे पोकलेन शोधायचे. ४ जूनपर्यंत अस्तर अंथरले नाही तर यंदा अंथरायचेच नाही: गुंडाळी शेडमध्ये ठेवून तळ्याला सांडवा फोडायचा, म्हणजे पाणी साचणार नाही. ओल्या मुरमावर घाईने टाकलेल्या अस्तराखाली पाणी शिरते आणि ते फुगते.

अहवाल. लाल जोखीम घडताच फोन, मग त्याच दिवशी गटात मेसेज. बाकीचे सोमवारच्या एका पानात. शेतमालकांना ते पान वाचून दाखवायचे, नुसते पाठवायचे नाही. नमुना, पहिल्या आठवड्याचा:

दिनांक: २७ एप्रिल
जोखीम: ज-१, पश्चिम कोपऱ्यात कातळ
गुण: मागील १६, आता २०
काय घडले: २.१ मीटरवर कातळ, तळाच्या साधारण पाव भागात
आतापर्यंतचा जादा खर्च: ६,५०० रुपये
केलेली कृती: त्या बाजूची खोदाई थांबवली, पूर्वेकडे चालू
कोणाचा निर्णय हवा: शेतमालक दांपत्य, २८ एप्रिल सकाळी ८ वाजता, तळ्यावर