माणसांच्या नावांवरून आलेले शब्द

(इंदूर, रामबागेतला शनिवारचा इंग्रजी वर्ग, इयत्ता नववी)

वीज. घरातल्या जी. आय. पाइपातला 'जी' म्हणजे गॅल्व्हनाइझ्ड, जस्ताचा मुलामा दिलेला. त्यात दडलाय इटलीतल्या बोलोन्याचा लुइजी गॅल्व्हानी. मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन धातू लागले की पाय झटका देई. त्याला वाटलं, वीज बेडकातच आहे. त्याच काळातला इटलीचाच शास्त्रज्ञ व्होल्टा म्हणाला, छे, ती धातूंमुळे! हे दाखवायला त्याने जस्त आणि तांब्याच्या किंवा चांदीच्या चकत्यांमध्ये खारट पाण्यात भिजवलेला पुठ्ठा घालून चळत रचली. 1800 साली जगाला तीच पहिली बॅटरी मिळाली. व्होल्ट त्याच्या नावाचा. भांडणातून दोन शब्द निघाले, म्हणून मला ही गोष्ट सगळ्यांत आवडते.

स्वयंपाकघर. सकाळची दुधाची पिशवी उलटी करून पाहा: 'पाश्चराइज्ड'. लुई पाश्चरने आधी तापवली होती वाइन, दूध नंतर आलं. (आई तरीही दूध उकळतेच. उकळू द्या.) छप्पन दुकानावरचं सँडविच अठराव्या शतकातल्या इंग्रज उमरावाचं, एवढं पुरे.

राजकारण. कॅप्टन बॉयकॉट आयर्लंडमधल्या एका जमीनदाराचा कारभारी. 1880 साली जमिनीच्या खंडावरून कुळं बिथरली. मारहाण नाही, फक्त मजूर येईनात, दुकानदार माल देईनात. आपल्याकडे याला वाळीत टाकणं म्हणतात. गंमत अशी की, शब्दाला नाव मिळालं ते वाळीत पडलेल्याचं!

संगीत. वरातीतला सॅक्सोफोन बेल्जियमच्या अडॉल्फ साक्सचा, पेटंट 1846.

पुढच्या शनिवारी: डिझेल.