विषय: चि. अर्णव (इयत्ता चौथी ब, हजेरी क्र. ७) याची बसण्याची जागा व सूचना देण्याची पद्धत यांबाबत विनंती

दि. ८ जुलै २०२४

माननीय वर्गशिक्षिका,
इयत्ता चौथी ब

बाई, सप्रेम नमस्कार.

अर्णवला एडीएचडी आहे, असं निदान मे महिन्यात बालविकासतज्ज्ञांनी केलं. अहवालाची प्रत सोबत जोडली आहे. त्याच्यात चुळबुळीपेक्षा लक्ष भरकटणं जास्त आहे. तो शांत बसलेला दिसतो, पण सांगितलेलं अर्धंच त्याच्यापर्यंत पोहोचतं. बुद्धी कमी नाही आणि हे तो मुद्दाम करत नाही, एवढं आधी सांगावंसं वाटतं.

सध्या तो खिडकीशेजारी चौथ्या बाकावर बसतो. मैदानावर तास चालू असला की त्याची नजर तिकडेच असते. त्याला पहिल्या किंवा दुसऱ्या बाकावर, फळ्याच्या समोर, दार-खिडकीपासून लांब बसवावं. शेजारी शांतपणे काम करणारं मूल असावं. एकटा बाक मात्र नको. मुलं त्याला शिक्षा समजतात आणि तोही.

सूचनांचं जास्त महत्त्वाचं आहे. "वही काढा, तारीख घाला, पान ३२ वरची पाच गणितं सोडवा" असं एका दमात सांगितलं, तर त्याच्या लक्षात फक्त वही राहते. आधी त्याचं नाव घ्यावं, त्यानं वर पाहिल्यावर एकच गोष्ट सांगावी, ती झाली की पुढची. "काय करायचंय, सांग बरं?" असं विचारून त्याच्याकडून वदवून घ्यावं. "कळलं का?" विचारलं तर तो नेहमीच "हो" म्हणतो, त्यावर जाऊ नये. गृहपाठ घंटेच्या पाच मिनिटं आधी फळ्यावर लिहिलात आणि त्याच्या डायरीवर नजर टाकलीत, तर घरचं आम्ही बघू.

फळ्यावरून उतरवताना त्याची ओळ हरवते. लांब उतारा असेल तर शेजाऱ्याच्या वहीचा फोटो आम्हाला चालेल. दहा गणितांऐवजी एकाआड एक पाच द्यावीत. दमल्यावर तो अधिकच्या जागी वजा करतो, मग त्याला येतं की नाही हेच कळत नाही. चाचणीत पानाची मागची बाजू कोरी राहते, म्हणून पेपर घेण्याआधी एकदा "पान उलट" म्हणावं.

लक्ष गेलं की सर्वांसमोर नाव न घेता बाकावर दोनदा बोट टेकवावं. ही खूण त्याला घरी शिकवली आहे. वीसेक मिनिटांनी वह्या वाटणं, फळा पुसणं असं उठायचं काम मिळालं, तर पुढचा वेळ तो बरा टिकतो. मधल्या सुट्टीतलं खेळणं कृपया शिक्षा म्हणून बंद करू नये, त्यानंतरचे तास अवघड जातात.

वर्गात ४६ मुलं आहेत, हे सगळं एकदम जमणार नाही, याची जाणीव आहे. आधी जागा आणि एका वेळी एक सूचना, एवढं सुरू झालं तरी पुष्कळ. दर शुक्रवारी डायरीत "सूचना पाळल्या: हो / थोड्या / नाही" यांपैकी एकावर खूण केलीत, तर महिन्याभरात काय उपयोगी पडतंय ते दिसेल. त्याप्रमाणे बदलता येईल.

येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर दहा मिनिटं भेटता येईल का? सोयीची वेळ डायरीत कळवावी.

आपली नम्र,
अर्णवची आई

सोबत: अहवालाची प्रत