पहिला शिक्का, सगळ्यांच्या पासपोर्टवर एकाच रात्री!
इंदूरहून थायलंड: मित्रमैत्रिणींच्या पहिल्या परदेशवारीसाठी
२० ते २५ जानेवारी २०२७ | माणशी ₹५८,५००

सराफ्यात रात्री साबुदाण्याची खिचडी खाताना ठरलेली, आणि पहाटेपर्यंत विरून गेलेली ती ट्रिप आठवते? कुणाचा पासपोर्ट नव्हता, कुणाला सुट्टी नव्हती, कुणी पैशांचं नाव काढलं की गप्प व्हायचं. ही सहल आम्ही त्या ग्रुपसाठी बांधली आहे. अट एकच: कमीत कमी चौघं या. कुणीही याआधी परदेशी गेलेलं नसलं तर फारच उत्तम.

बुधवारी संध्याकाळी इंदूरहून मुंबई, रात्री मुंबईहून बँकॉक. शिक्का मुंबईतच बसतो, भारतातून बाहेर पडताना. तिथे रांगेत पोटात गोळा येतो, हे आम्ही दर खेपेला पाहतो. म्हणून हॉटेलचा पत्ता, परतीचं तिकीट आणि किती दिवस राहणार हे छापलेला एक कागद प्रत्येकाच्या हातात देतो. विचारणारे बहुतेक एवढंच विचारतात. थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं आणि ते फुकट असतं. राजवाड्याजवळच्या आमच्या ऑफिसात चहा घेत सगळे मिळून भरू.

गुरुवारी सकाळी बँकॉकला उतरलात की घड्याळ दीड तास पुढे करा आणि थेट पटायाची बस धरा. शुक्रवार पूर्ण समुद्राचा: स्पीडबोटीने को लार्न बेट, पांढरी वाळू, निळं पाणी. आपल्या माळव्याच्या माणसाला समुद्र म्हणजे काय ते सांगायला नको! तो दिवस आम्ही मुद्दाम मोकळा ठेवला आहे. पॅरासेलिंग वगैरे ज्याला हवं त्याने स्वतःच्या खर्चाने करावं, न करणाऱ्यावर सक्ती नाही.

शनिवारी दुपारी बँकॉकला परत. रविवारी सकाळी चातुचाकचा बाजार (हा शनिवार-रविवारचा, म्हणूनच तारखा अशा घेतल्या), आणि दुपारी वाट फो. तिथला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे. पायापासून डोक्यापर्यंत चालत जाताना मंडळींची बडबड आपोआप थांबते. मग छोट्या होडीतून चाओ फ्राया नदी ओलांडून वाट अरुण. हा अरुण म्हणजे आपलाच, सूर्याचा सारथी. देवळांत खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, तेव्हा हाफ पँट त्या दिवशी बॅगेत. सोमवारी परतताना सुवर्णभूमी विमानतळावर समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प आहे. ग्रुप फोटो तिथेच. रात्री घरी, आणि मंगळवारी २६ जानेवारीची सुट्टी झोपायला.

शाकाहारी मंडळींनो, काळजी रास्त आहे. तिकडे भाजीतही माशाचा सॉस पडतो. ‘जे’ हा एक शब्द शिकून घ्या. तो सांगितला की मांस, मासे, अंडं तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. रोजचा नाश्ता आणि तीन रात्रींचं भारतीय जेवण आमच्याकडे आहे. दुपारचं जेवण ज्याचं त्याने, कारण रस्त्यावरचं खाणं स्वतः शोधण्यात निम्मी मजा आहे. पोह्यांवर मात्र सहा दिवस पाणी सोडावं लागेल.

₹५८,५०० मध्ये इंदूर ते इंदूर विमानभाडं, चार रात्री दोघांत एक खोली, बस, बोट, मंदिरांची तिकिटं, प्रवास विमा आणि जीएसटी आलं. तिघं एका खोलीत राहिलात तर माणशी ₹१,५०० कमी. परदेशी सहलीवर टीसीएस वेगळा कापला जातो, त्यासाठी पॅन लागतं. आयकर विवरणपत्र भरताना तो तुमच्या करात वळता होतो. हे आधीच सांगतो, कारण शेवटच्या दिवशी कळलेला खर्च मैत्रीत कडवटपणा आणतो. नोंदणीला माणशी ₹१०,०००, बाकी तीन हप्त्यांत. हप्ता ज्याचा त्याने भरायचा, एकाने सगळ्यांचे भरून मग मागत फिरायचं नाही.

पासपोर्ट प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने चालणारा हवा. नसेल तर आजच अर्ज करा. फॉर्म भरायला आम्ही मदत करतो, त्याचे पैसे घेत नाही. तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे, वडिलांच्या नावासकट. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा. ई-सिगारेट घरीच ठेवा, तिकडे ती बेकायदा आहे.

ग्रुपसोबत इंदूरपासून परत इंदूरपर्यंत आमचा मराठी बोलणारा माणूस असतो. एकूण २४ जागा. रविवारी संध्याकाळी ५ वाजता ऑफिसात सगळा ग्रुप घेऊन या. ज्याचे आईबाबा साशंक आहेत, त्याने त्यांनाही आणावं.