जागल : तो परिच्छेद, पुन्हा लिहून

ताई, तुम्ही म्हणालात तसा बबनला ‘मी’ केला आणि काळही बदलला. आधीचा मजकूर ताडून पाहायला वर ठेवलाय.

आधीचा

रात्री बारा वाजता लाइन येणार होती. बबनने मफलर कानाला गुंडाळला, बॅटरी घेतली आणि तो धुऱ्याने विहिरीकडे निघाला. हरभऱ्याचे घाटे भरत होते. हे पाणी चुकून चालणार नव्हतं. पऱ्हाटीत काहीतरी खसफसलं. त्याच्या चेहऱ्यावर भीती पसरली. मागच्या बुधवारी शेजारच्या शिवारात वाघाने कालवड मारली होती. पऱ्हाटीत मात्र फक्त रोही होते, हे त्याला थोड्या वेळाने कळलं.

नुसतं ‘होता’चं ‘आहे’ करून भागलं नाही. चेहऱ्यावरची भीती त्याची त्याला दिसणार कशी? ते वाक्य गेलं. रोह्यांचं गुपित आधीच फोडणारं शेवटचं वाक्यही गेलं. कालवडीचं ‘मारली’ मात्र भूतकाळातच ठेवलं, कारण ते घडून गेलेलंच आहे. बायको आयत्या वेळी आली, तिला राहू दिलं.

आताचा

साडेअकरा. लाइन बाराला येते. मी मफलर कानाला गुंडाळतो.

“काठी घेऊन जा जी.”

“बॅटरी हाय नं.”

“बॅटरीले वाघ भेते का?”

काठी घेतो. धुरा दवानं ओला, चपलेत पाय सटकतो. हरभऱ्याची आंब पिंढरीला लागते. काल काटा ओरबाडला तिथं चरचरतं. घाटे भरताहेत. हे पाणी चुकलं तर झालं.

पऱ्हाटीत खसफस.

मी थांबतो. तेही थांबतं.

मागच्या बुधवारी शेजारच्या शिवारात वाघानं कालवड मारली. मी पाहून आलो. अर्धीच खाल्लेली, गळ्यातली घंटी तशीच. ती घंटीच का आठवतेय आता?

“कोण हाय बे?”

माझाच आवाज मला बारका वाटतो. बॅटरी फिरवतो. पिवळा उजेड पऱ्हाटीवर सरकतो, आणि दोन डोळे चमकतात. माझ्या छातीएवढ्या उंचीवर. वाघ एवढा उंच असते? त्यांच्या बाजूला आणखी दोन. मग आणखी दोन.

खुरं वाजतात. माझ्या अंगावरून वारा जावा तसा कळप धुरा ओलांडतो.

रोही!

हसू येतं, गुडघे अजून लटलटताहेत. आणि मग कळतं, ते हरभऱ्यात घुसलेत. माझ्याच. कराकरा आवाज येतोय. “हाऽऽड! हाऽऽड!” मी काठी आपटत धावतो.

तेवढ्यात विहिरीवरचा बल्ब लागतो. लाइन आली. रोही तिकडं, स्टार्टर इकडं. मी मधात उभा.