बारा रांजण

खेळात गोष्ट नितीन सांगायचा आणि बाकीचे तिच्यातली पात्रं होऊन काय करायचं ते ठरवायचे. त्याच्या वहीत पुढच्या पानावर दगडी राक्षस तयार होता. साठ हिट पॉइंटांचा जीव, दोन हातांत दोन मुसळं. तळघराचं अरुंद दार ओलांडलं की तो उठणार, सागरचा योद्धा तलवार उपसणार आणि पुढचा तासभर सागरच बोलणार. बसूचा जादूगार मधे मधे आगीचे गोळे टाकेल, पूजाची वैद्य जखमा भरेल. आणि रेवतीची पाळी आली की ती म्हणेल, "तुम्ही सांगाल तसं."

अनगोळच्या त्या माडीवर रविवारी खेळ बसायला लागल्यापासून तिचं हे एकच वाक्य. तिला खेळ आवडत नव्हता असं नाही. खानापूरहून भर पावसात बस पकडून ती सगळ्यांच्या आधी यायची. तिच्या पात्राचं, तारा चोरटीचं, कागदावरचं चित्र तिनं इतकं जीव लावून काढलं होतं की पट्ट्याच्या बकलावरची नक्षीसुद्धा दिसत होती. फक्त तोंड उघडायचं म्हटलं की मान खाली. नितीननं एकदा मुद्दाम तिला आधी विचारून पाहिलं, तर ती आणखीच आकसली.

आज खेळाआधी आईनं नवा माठ दाखवायला आणला. सगळे "मस्त हाय की" म्हणाले. रेवतीनं बोटाच्या पेरानं माठ वाजवला, कान लावला, थोडा फिरवून परत वाजवला आणि आईला हळूच म्हणाली, "काकू, बदलून घ्या. तळाला केसाएवढा तडा आहे." तिच्या घरी तीन पिढ्यांचं चाक. हे नितीनशिवाय कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"दार इतकं अरुंद, की एकेकानं आडवं होऊन शिरावं लागतंय," नितीन म्हणाला आणि पुठ्ठ्याच्या पडद्याआड त्यानं राक्षसावर पेन्सिलीनं काट मारली. "आत माणसाएवढे बारा रांजण. तोंडं मातीनं लिंपलेली. भिंतीवर कोरलंय: एकात किल्ली, अकरांत विषारी धूर."

"फोडतो एक!" सागर म्हणाला.

"फोड की. खरं धूर निघाला तर दार अरुंद आहे, पळायला वेळ मिळायचा नाही."

सागर थांबला. बसूनं मंत्र टाकला, वीस बाजूंचा फासा सतरावर पडला. एरवी सतरावर काहीतरी द्यावंच लागतं. "बाराही रांजणांवर सारखीच जादू आहे," नितीननं सांगितलं. ते खोटं नव्हतं, नुकतंच तसं ठरलं होतं. पूजानं वास घेतला, मातीचाच आला. तिघांची वादावादी सुरू झाली.

नितीन रेवतीकडे बघत नव्हता. तो नकाशावर बोट ठेवून सागरला म्हणाला, "वळताना तुझ्या तलवारीचं टोक एका रांजणाला लागलं. खण्ण. आवाज बराच वेळ घुमला."

टेबलाच्या टोकाला खुर्ची सरकली.

"मी... म्हणजे तारा सगळे वाजवून बघते."

"बघ. फासा नको टाकू. कसं वाजवतेस ते सांग."

"पेरानं. आधी पोटाला, मग गळ्याला."

पहिला खण्ण. दुसरा खण्ण. नितीन एकेक आवाज तोंडानं काढत गेला. नवव्याला तो बद्द म्हणाला.

"भरलेला असेल," बसू म्हणाला.

"भरलेला गळ्याशी तरी वाजतो." तिनं त्याचं बोलणं तोडलं होतं. "दादा, गळ्याला?"

"तिथंही बद्द."

"मग तडा गेलाय, वरून लिंपलाय. तडा गेलेल्यात धूर राहील का? केव्हाच गळून गेला असता. सागर, हाच फोड."

किल्ली निघाली. सागरनं टेबलावर थाप मारली, पूजानं कुंद्याची अख्खी वाटी रेवतीपुढं सरकवली. नितीननं वही मिटायला घेतली.

"खरं दादा," रेवती म्हणाली, "माणसाएवढे रांजण ह्या दारातून आत आले कसे?"

नितीनचा हात थांबला. हा विचार त्यानं केलाच नव्हता.

"आतच घडवलेत," तीच पुढं म्हणाली. "म्हणजे भट्टी आतच आहे. आणि भट्टी म्हटल्यावर धुराडं आलंच. वरपर्यंत जाणारं."

"आयला," बसू म्हणाला. "म्हणजे परत त्या पहारेकऱ्यांतून जायलाच नको!"

पुढच्या दोन रविवारांचा मजकूर त्या पहारेकऱ्यांवर बेतलेला होता. नितीननं ती पानं एकदम उलटली आणि कोऱ्या पानावर घाईघाईनं एक उभी रेघ ओढली.

"हाय काय भट्टी, दादा?" सागरनं विचारलं.

"आहे. राख अजून कोमट आहे."

"कोमट?" रेवती उठून उभी राहिली होती. "मग कुणीतरी कालच भाजलंय इथं. तुम्ही मागं थांबा, पुढं मी जाते."