विषय: शनिवारच्या अपॉइंटमेंटआधी माझ्या केसांबद्दल

स्वातीताई, नमस्कार.

मी अनघा. फोनवर शनिवारी, 22 नोव्हेंबरला सकाळी दहाची वेळ घेतली ती मीच. म्युनिकमध्ये मराठी बोलणारी हेअरस्टायलिस्ट मिळाली याचा किती आनंद झाला ते सांगता येत नाही. माझं जर्मन ऑफिसला पुरतं, पण केसांचा रंग समजावून सांगताना कमी पडतं आणि त्याचे परिणाम मी भोगले आहेत. म्हणून सगळं आधीच लिहून पाठवते.

माझे केस मुळात गडद तपकिरी आहेत, सावलीत काळेच वाटतात. सांगलीत असताना आई दर दोन महिन्यांनी लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात मेंदी भिजवायची आणि ती आम्ही दोघी लावायचो. ती साधी मेंदी होती, पानं वाळवून दळलेली. ऑगस्ट 2022 मध्ये इथे आले तेव्हा कानशिलांवर पांढरे केस दिसायला लागले होते, म्हणून भारतातून पाकिटातली काळी मेंदी मागवायला लागले. ती साधारण वर्षभर लावली. त्यानंतर इथल्याच दुकानातला डबाबंद काळा रंग, दर सहा आठवड्यांनी, आणि चूक म्हणजे प्रत्येक वेळी मुळांपासून टोकांपर्यंत. शेवटचा डबा मे 2024 मध्ये वापरला. शेवटच्या दोन वेळेला कानांमागे खाज सुटून लाल चट्टे आले होते. म्हणून पॅच टेस्ट केल्याशिवाय काहीही लावू नका, ही पहिली विनंती. मी बुधवारी संध्याकाळी येऊन जाऊ शकते, म्हणजे 48 तास पूर्ण मिळतील.

तेव्हापासून मुळांशी काहीच लावलेलं नाही. काल पट्टीने मोजलं तर साधारण 18 सेंटीमीटर माझे स्वतःचे केस आहेत, कानशिलांवर बरेच पांढरे. त्याखाली डब्याचा काळा आणि शेवटच्या 15 सेंटीमीटरमध्ये काळी मेंदी, तिच्याखाली आईची मेंदी. एकूण लांबी 50 सेंटीमीटर.

मग फेब्रुवारीत इथल्या एका सलूनमध्ये गेले. उबदार तपकिरी हवं असं सांगितलं. काळी मेंदी लावली होती का, हे कुणी विचारलं नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. मधल्या केसांवर ब्लीच लावलं, त्यात नारिंगी पट्टे उठले. ते झाकायला वरून राखाडी छटेचा टोनर आला. महिनाभरात टोनर धुऊन गेला, नारिंगी उरला आणि टोकं होती तशीच काळी. खिडकीशी एक बट धरली की वरून तपकिरी, मध्ये नारिंगी, खाली काळं असे तीन तुकडे दिसतात. टोकांना हिरवट झाक आहे असं मला वाटतं, ती मेंदीतल्या निळीची असावी. सोबत त्या बटेचा दिवसाउजेडातला फोटो आहे. काळ्या मेंदीचं एक पाकीट अजून घरात सापडलं, त्यावरच्या घटकांचाही फोटो जोडते. त्यात धातूचे क्षार असतील तर ब्लीचशी भांडण होतं असं वाचलंय. बुधवारी येताना टोकाची एक बट कापून आणते, तिच्यावर आधी चाचणी करून पाहाल का?

आता मला काय हवंय ते. तिसरा फोटो पाहा. मी बारा वर्षांची, कृष्णेच्या घाटावर उन्हात, केस नुकतेच वाळलेले. त्या केसांच्या कडांना आलेला रंग मला हवाय. काकवी बरणीतून ओतताना धार उन्हात जशी दिसते, तसा. सावलीत तपकिरी, उजेडात सोनेरी-तांबूस. तुमच्या भाषेत बहुधा लेव्हल 5. बर्गंडी किंवा जांभळट महोगनी नको, आणि राखाडी तर अजिबात नको. गडद केस उजळताना तांबडं-नारिंगी उठतंच, हे मला आता कळलंय. इथे सगळे ते मारायला बघतात. मला ते मारायचं नाहीये, त्यातलंच थोडं ठेवून रंग घडवायचा आहे.

एकाच दिवसात व्हायला पाहिजे असा आग्रह नाही. मुळांशी उष्णतेने रंग लवकर चढतो, तेव्हा मुळं लखलखीत आणि टोकं काळी असं व्हायला नको, म्हणून तुम्ही हळूहळू गेलात तरी चालेल. टोकांचे दहा सेंटीमीटर कापणं बरं असं तुम्हाला वाटलं तर कापा, मी तयार आहे. त्याहून जास्त मात्र नको, आंबाडा घालता आला पाहिजे. पांढऱ्या केसांचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा, मला ते पूर्ण झाकायचेच आहेत असं नाही.

पाणी इथलं कठीण, केस कोरडे पडतात. आठवड्यातून एकदा खोबरेल तेल लावते. शनिवारच्या आधी बंद करू का? आणि केस धुऊन येऊ की न धुता?

एकूण किती बैठका लागतील आणि अंदाजे खर्च किती, तेही कळवा, म्हणजे मला तयारी ठेवता येईल.

बुधवारी साडेसहाला आलं तर चालेल ना?

आपली,
अनघा