प्रॉम्प्ट: दादर, रात्री १२ वाजून ३ मिनिटं

आडवी चौकट, ३:२. खऱ्या कॅमेऱ्याने टिपल्यासारखं छायाचित्र, ३५ मिमी लेन्स, कॅमेरा उभ्या माणसाच्या कमरेच्या उंचीवर. जुलैचा महिना, कोसळता पाऊस. दादर स्टेशनच्या फलाटावर सावंतवाडीला जाणारी तुतारी एक्स्प्रेस उभी आहे आणि सुटायला दोन मिनिटं उरली आहेत. स्लीपर डब्याच्या खिडकीत ६५ वर्षांचे वडील बसलेत, बाहेर फलाटावर पस्तिशीचा मुलगा उभा आहे. वडील लालबागच्या चाळीतली खोली रिकामी करून कायमचे गावाला चाललेत. दोघंही बोलत नाहीत, रडत नाहीत. दोघांच्या मध्ये एक काळी छत्री आहे.

गाडी चौकटीच्या उजव्या बाजूला, पुढून मागे दूरवर निमुळती होत गेलेली. डावीकडे फलाट. मुलगा मधोमध, खिडकीकडे तोंड करून. म्हणजे कॅमेऱ्याला त्याची उजवी बाजू दिसेल. हा उजवा खांदा महत्त्वाचा आहे. शर्ट फिक्या निळ्या रंगाचा, पण उजवा खांदा आणि दंड भिजून गडद झालेला, कापड अंगाला चिकटलेलं. डावी बाजू कोरडी. खिडकीतल्या वडिलांचा पांढरा सदरा मात्र पूर्ण कोरडा, घडीच्या रेघासुद्धा शाबूत. चाळीपासून स्टेशनपर्यंत छत्री कुणाच्या डोक्यावर कललेली होती, हे एवढ्यावरून कळलं पाहिजे. मुलाची पँट गुडघ्यापर्यंत ओली, पाण्याची रेघ सरळ आणि स्पष्ट. हिंदमाताला साचलेल्या पाण्यातून आल्याची. पायात पावसाळी सँडल.

आता छत्री. जुन्या पद्धतीची, लांब, वाकड्या लाकडी मुठीची, मिटलेली. मूठ खिडकीच्या सर्वांत खालच्या आडव्या गजात अडकवलेली आणि बाकी छत्री डब्याच्या बाहेरच्या अंगाला लोंबकळतेय. वडिलांच्या उजव्या हाताची दोन बोटं मुठीवर आहेत आणि ती मूठ बाहेर ढकलतायत. मुलाचा उजवा तळहात छत्रीच्या कापडावर सपाट टेकलेला. तो ती परत डब्याकडे दाबतोय. ओढाताण दिसायला नको. दोन्ही हात हलके हवेत, एखादी वस्तू आधीच तीनदा इकडून तिकडे गेल्यावर होतात तसे. मुलगा छत्रीशिवाय घरी कसा जाईल याची वडिलांना काळजी, आणि सकाळी गावच्या स्टेशनवर पावसात उतरताना वडिलांकडे छत्री असावी असं मुलाला वाटतं. चित्राचा सगळा जीव या तीन-चार इंचांत आहे. नजर सगळ्यात आधी इथे यावी, फोकससुद्धा इथेच, आणि चेहरे त्यामानाने किंचित मऊ.

वडिलांचे हात नीट हवेत. हे हात गिरणीच्या साचाखात्यात काम केलेले, आणि १९८२ च्या संपानंतर इमारतींच्या गेटवर रात्रपाळ्या केलेले. चित्रात गिरणी कुठेच नाही, त्यामुळे ते सगळं बोटांतच दिसलं पाहिजे: पेरं जाड, नखं अगदी आखूड कापलेली, करंगळी थोडी वाकडी. प्रत्येक हाताला पाचच बोटं.

वडिलांची बैठक: पाठ टेकलेली नाही. पुढे वाकलेले, कपाळ वरच्या गजाला लागलेलं, डोळे खाली, छत्रीकडे. डावा हात मांडीवरच्या एका चपट्या वस्तूवर पसरलेला. ती पंचात गुंडाळलेली चाळीच्या दारावरची पाटी आहे. पंचाचं एक टोक सरकलंय आणि पाटीची मागची बाजू दिसतेय: चार कोपऱ्यांत स्क्रूची भोकं, भिंतीच्या हिरव्या रंगाचे पोपडे चिकटलेले. पाटीची पुढची बाजू दाखवायची नाही. नाव वाचायला मिळालं की बघणारा तिथेच थांबतो. मागची भोकं दिसली तर ती कुठून काढली याचा विचार करतो. बाजूला सुतळीने बांधलेला एक खोका आणि स्टीलचा डबा. बाकी सामान दिसलं नाही तरी चालेल.

मुलाच्या उभं राहण्यात दोन दिशा हव्यात. पावलं खिडकीकडे, कंबरेपासून वरचं अंग मात्र थोडं डावीकडे, जिन्याच्या दिशेला वळलेलं. उजवी टाच जमिनीपासून बोटभर उचललेली. ऑफिसची सॅक त्याने पोटावर घेतलीय, लोकलच्या गर्दीत घेतो तशी, आणि काढायची विसरलाय. त्या सॅकमुळे तो खिडकीला बिलगू शकत नाही. हात पुरतो, खांदा पुरत नाही. हे अंतर राहू द्यावं. डावा हात सॅकच्या पट्ट्यात, मूठ आवळलेली.

प्रकाश तीन ठिकाणांहून, आणि प्रत्येकाचं काम वेगळं. डब्याच्या आतला पांढरा, थंड उजेड वडिलांच्या मागून येतो. त्यामुळे त्यांचा चेहरा अर्धा सावलीत, कानाची कड आणि पांढरे केस उजळलेले. तोच उजेड गजांमधून बाहेर पडून मुलाच्या छातीवर आणि सॅकवर आडव्या पट्ट्या पाडतो. म्हणजे गज खिडकीला आहेत आणि त्यांच्या सावल्या बाहेरच्या माणसावर. दुसरा उजेड मागच्या चहाच्या स्टॉलचा, पिवळट, ऊबदार. तो मुलाच्या पाठीपर्यंत जेमतेम पोचतो, वडिलांपर्यंत नाही. तिसरा अगदी लांब, फलाट संपतो तिथला हिरवा सिग्नल. सिग्नल स्वतः लहान ठिपक्याएवढा, पण ओल्या लादीवर त्याची लांब हिरवी रेघ मुलाच्या सँडलपर्यंत आलेली. गाडी निघणार हे फक्त या रेघेने सांगायचं. हात हलवणारा गार्ड, धावणारी माणसं, यातलं काही नको.

पाऊस थेट दोघांवर पडत नाही, वर पत्रा आहे. पण पत्र्याची कड आणि डबा यांच्या मधल्या फटीतून पाण्याची बारीक झालर पडतेय. मुलाचा पुढे केलेला हात त्या झालरीतून गेलाय आणि मनगटावर पाणी फुटतंय. लांब, जिथे पत्रा संपतो तिथे दिव्यांच्या उजेडात पावसाच्या तिरक्या रेघा. बाकी सगळीकडे फक्त ओल: लादी, खांब, डब्याची काळपट चकाकी.

मागची माणसं थोडी आणि धूसर. दादर आहे, पण मध्यरात्र झालीय. एक हमाल पाठमोरा, एक बाई पिशवीवर बसलेली. वर डावीकडे डिजिटल घड्याळ, लाल आकड्यांत 00:03. काट्यांचं घड्याळ नको, एआयच्या चित्रात त्यावर हवी ती वेळ बरेचदा येत नाही. त्याच्यामागे स्टेशनची पिवळी पाटी, फोकसबाहेर, अक्षरं वाचता येणार नाहीत इतकी धूसर. चित्रात दुसरा कुठलाही मजकूर नको.

रंग दबके: राखाडी, ओला काळा, स्टॉलचा पिवळा, सिग्नलचा हिरवा. नको ते: अश्रू, मिठी, खिडकीतून धरलेले हात, वाफेचं इंजिन, धुकं, कंदील, उघडी छत्री, गुळगुळीत त्वचा, कॅमेऱ्याकडे पाहणारं कुणी. वडिलांना दीनवाणं करू नये. दाढी केलेली, केस विंचरलेले, सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं. ते नीट तयार होऊन निघालेत.

क्षण पक्का: छत्रीच्या टोकाला एक थेंब जमलाय, टोकापासून लांबलाय, अजून सुटलेला नाही. त्यात डब्याचा पांढरा उजेड.